आठव्या दिवशी बघायला येतो

आमच्या आण्णांना आंबेगाव तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात कुणी नावानं ओळखत नसे. ते ‘देवीवाले’. सरकारी नोकरीत देवी काढायच्या, पुढे देवीचा रोग गेला तेव्हा घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी, गोवर, पोलिओ. शिनोलीच्या पुढे रस्ता संपला की पायी. दारात उभं राहून लेकराच्या दंडावर लस टोचायची आणि निघताना ठरलेलं वाक्य टाकायचं, “आठव्या दिवशी बघाया येतो. उठली न्हाई तर परत काढीन.” फोड उठला तर लस लागली, नाही उठला तर पुन्हा टोचायची. आठव्या दिवशी ते खरंच जायचे. घरी आईला ताप असला तरी जायचे, आणि मग आई आठ दिवस त्यांच्याशी बोलायची नाही.

मी त्यांचीच मुलगी. डॉक्टर झाले, घोडेगावात दवाखाना टाकला. स्वभावही त्यांचाच घेतला, फक्त त्यांचा संयम तेवढा माझ्या वाट्याला आला नाही. आई गेल्यावर आण्णा माझ्याकडेच राहिले. सत्तरी ओलांडलेली, जन्मभराच्या विडीनं पोखरलेली छाती, आणि थंडी पडली की खोकल्याची उबळ. तरी दर मार्गशीर्षात त्यांना आहुप्याला जायचं असायचं. तिथं त्यांचा जुना दोस्त होता. पायी फिरायच्या दिवसांत मुक्काम त्याच्याच घरी असायचा. भात झोडपून झालं की त्याचा निरोप यायचा, नवा तांदूळ खायला या. आण्णा लहान पोरासारखे पिशवी भरून बसायचे.

एका दिवाळीच्या आधी मी पुण्याहून फ्लूची लस मागवली आणि आण्णांना टोचली. साधी, सगळ्यांना देतात तीच. आण्णांनी आठव्या दिवशी बाही वर केली, दंड उजेडात धरला आणि म्हणाले, “उठली न्हाई.”

“आण्णा, ही उठत नसते. ती देवी होती.”

“मग कळायचं कसं?”

मी हसले. पण मार्गशीर्षात, आहुप्याला निघायच्या आदल्या दिवशीच ते तापानं आडवे झाले. अंग मोडून आलं, मग छाती भरली, मंचरच्या दवाखान्यात बारा दिवस काढावे लागले. तो फ्लूच होता का, हे तपासायची सोय तेव्हा कुठे होती? मला तरी तोच वाटला. घरी आल्यावर आण्णांनी पहिलं वाक्य ऐकवलं, “सांगत व्हतो, उठली न्हाई.” जन्मभर लस टोचणाऱ्याच्या अंगात लस लटकी पडावी, हे त्यांना लई लागलं.

माझा भाऊ इटलीत यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. फोनवर त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “ताई, इथं पासष्टीच्या पुढच्यांना वेगळीच लस देतात.” मग मी पुण्याच्या माझ्या सरांना विचारलं आणि त्यांनी दिलेले कागद वाचून काढले. वाचलं ते आण्णांना समजावून सांगणं भाग होतं, कारण अर्धवट उत्तरानं त्यांचं कधीच समाधान व्हायचं नाही.

म्हटलं, छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते. लहानपणी ती नव्या पेशी तयार करते, त्यांना शिकवून रक्तात सोडते. वय वाढेल तशी ती आक्रसत जाते. म्हातारपणी जुन्या ओळखीच्या पेशी असतात, पण नवी ओळख करून घेणाऱ्या कमी उरतात. आणि फ्लू तर दर साल रूप बदलून येतो. तीच लस तरुणाला दिली तर रक्तात भरपूर प्रतिद्रव्यं तयार होतात, म्हाताऱ्याला दिली तर थोडी होतात, आणि लवकर ओसरतात. यावर दोन उपाय. अमेरिकेत लसीतला मूळ घटक चौपट घालून बघतायत, त्याचे प्रयोग चाललेत. इटलीत मात्रा तीच ठेवतात, पण लस तेलाच्या अगदी बारीक थेंबांत मिसळतात. त्यानं टोचलेल्या जागी शरीराच्या राखणदार पेशी गोळा होतात, लस उचलतात आणि आत खबर देतात.

आण्णांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “म्हंजी म्हाताऱ्याला एकतर मोठ्यानं हाक मारायची, न्हाईतर आधी खांद्यावर हात ठेवायचा.”

अगदी तसंच! माझ्या सरांनाही इतकं नेटकं सांगता आलं नसतं.

पुढच्या सालच्या दिवाळीला भाऊ येणार होता. आण्णांसाठी तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, गार पिशवीत, भरलेली सिरिंज आणणार होता. आण्णा रोज विचारायचे, “कदी निघणार त्यो?” लेकाची वाट बघत होते की लसीची, देव जाणे. आहुप्याला त्यांनी आधीच निरोप धाडला होता की यंदा नक्की.

भाऊ मुंबईहून माळशेज चढून दुपारी घरी पोचला. तो बाजाराचा शुक्रवार होता, दवाखान्यात ही गर्दी. भावानं पिशवी आण्णांच्या हातात दिली, “फ्रीजमध्ये ठेवा” म्हणाला आणि प्रवासाच्या शिणानं आडवा झाला. मी संध्याकाळी घरी आले, चपला काढता काढताच विचारलं, “लस कुठाय?”

“हाय की. बर्फात घातलीय, घट्ट.” चेहऱ्यावर केवढं समाधान!

मी धावत फ्रीजचा वरचा कप्पा उघडला. बर्फाच्या ट्रेखाली ते खोकं दडपून ठेवलेलं. आत सिरिंज दगड झालेली.

त्यांची चूक अडाण्याची नव्हती, हे मला आज कळतं. निवृत्तीनंतरही ते पोलिओच्या रविवारी डोस घेऊन फिरायचे. पोलिओ आणि गोवर बर्फात राहिलेलं चालतं. गोठू द्यायची नाही ती त्रिगुणी आणि धनुर्वाताची. त्यांनी मनाशी हिशोब केला: फ्लू हा विषाणू, पोलिओ हाही विषाणू, मग जागा बर्फातच. त्यात दिवसातून दोनदा वीज जायची. वरचा कप्पा जास्त वेळ गार राहतो, हेही त्यांनी बघितलं होतं. पण फ्लूची लस मेलेल्या विषाणूची. ती गोठली की संपली. हिच्यात तर तेलाचे थेंब, ते फुटून एकत्र होणार. खोक्यावर तसं लिहिलेलं होतं, पण इटालियनमध्ये.

सिरिंज वितळली तेव्हा आधीसारखीच दुधाळ दिसत होती. आण्णांनी ती उजेडात धरून हलवली. “पोपडं न्हाईत, बघ. साका बसंना. टोच.”

“गोठल्यावर पोपडे धरायची परीक्षा त्रिगुणीची, आण्णा. हिची नव्हे.”

“अगं पर दिसतीया तर नीट.”

आणि मग माझा तोल सुटला. दिवसभराचा शीण, भावाची धडपड, गेल्या सालचे मंचरचे बारा दिवस, सगळं जिभेवर आलं. “कळत नाही तर हात कशाला लावता? चाळीस वर्षं लस टोचलीत ना? हेच शिकलात?” भाऊ आतून उठून आला, “ए ताई, गप ना.” मी कुठली गप बसते! वर आणखी म्हणाले, “आता आहुप्याला जायचं नाही. घरात बसायचं.”

आण्णांनी सिरिंज माझ्या हातात दिली आणि ओसरीवर जाऊन बसले.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना साधीच लस टोचली. काहीच नसण्यापेक्षा ती बरीच. म्हाताऱ्यांत ती कमी पडते, अगदी निकामी नसते. आठव्या दिवशी त्यांनी बाही वर केली नाही. त्या थंडीत ते धडधाकट राहिले. आहुप्याचा निरोप आला, मी “नको” म्हटलं, त्यांनी ऐकलं. जन्मात माझं एवढं मुकाट त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा दोस्त गेला. खबर आली तेव्हा रस्ता दरड पडून बंद होता.

आणखी एक झालं. लस गोठली त्या दिवसापासून आण्णांनी फ्रीजला हात लावला नाही. त्यांच्या खुर्चीपासून दोन पावलांवर फ्रीज. तहान लागली की हाक मारायचे, “बाई, जरा गार पाणी देतीस का?” मला वाटायचं वय झालं, आळस करतात. हे लक्षात यायला मला मेलीला सहा महिने लागले. लक्षात आल्यावरही मी माफी मागितली नाही. पाणी मात्र मुकाट्यानं द्यायला लागले.

पुढच्या दिवाळीला भाऊ पुन्हा लस घेऊन आला. आण्णा म्हणाले, “आता कशाला? जायचं कुणाकडं?” तरी दंड पुढं केला. मी टोचली. दुसऱ्याच दिवशी दंड लाल झाला, सुजला, दुखायला लागला. ही लस अंमळ जास्त दुखतेच. मी विसरून गेले होते, पण आण्णा नव्हते विसरले. सूज दोन दिवसांत उतरायला लागली, तसा त्यांना आठव्या दिवसापर्यंत दम निघेना. चालू दवाखान्यात, रोग्यांसमोर, बाही वर करून उभे राहिले. “बघ! उठली का न्हाई?” दोन वर्षांनी त्यांचा तो आवाज ऐकला. माझे डोळे भरून आले, आणि मी रोग्याच्या छातीला नळी लावून खाली बघत बसले.

त्या मार्गशीर्षात ते आहुप्याला गेले. ती थंडीही त्यांना सुखाची गेली. ती लसीमुळेच का, हे डॉक्टर म्हणून मी छातीठोक सांगणार नाही. दोस्ताच्या लेकानं पायलीभर नवा तांदूळ बांधून दिला होता. आण्णांनी तो स्वतः निवडला. जेवताना एवढंच म्हणाले, “गेल्या साली जायाला पायजे व्हतं.” दोष मला दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन वर्षांनी ते झोपेतच हृदयविकारानं गेले. २००९ साल सरता सरता चौपट मात्रेच्या लसीला अमेरिकेत मान्यता मिळाल्याची बातमी मी वाचली आणि सवयीनं खुर्चीकडे वळले, “आण्णा, मोठ्यानं हाक मारायची लस आली.” खुर्ची रिकामी. आज मी स्वतः पासष्टी ओलांडलीय. माझ्या दवाखान्यातली परिचारिका दर साल मला साधीच लस टोचते, माझ्या फ्रीजमध्ये तीच असते. आठव्या दिवशी मी दार लावून घेते, बाही वर करते, दंड उजेडात धरते. काही नसतं. कातडीला सुरकुत्या तेवढ्या.

आण्णा, चुकलं माझं. उठली नाही हो माझी. परत काढायला या.