पाटीवरची उलटी अक्षरं

सौदामिनीबाईंनी बावीस वर्षांत एकदाही शाळेला उशीर केला नव्हता. लातूरहून रेणापूरपर्यंत बस, पुढं चार किलोमीटर स्कूटी, आणि घंटेआधी शाळेच्या पाटीखाली हजेरीचा सेल्फी काढून केंद्रातल्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हा त्यांचा नेम होता. अशा बाईंवरच केंद्रप्रमुख रामकिशन सरांनी गैरहजेरीची नोटीस काढली. सेवापुस्तकात एकदा ठपका बसला की तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

कारण काय, तर शनिवारच्या फोटोत पाटीवरची अक्षरं उलटी होती.

केंद्रशाळेत भरलेल्या महिन्याच्या बैठकीत चाळीस शिक्षकांसमोर सरांनी तो फोटो फिरवला. "बाई, घरी बसून फोटो बनवायलात तुम्ही. उलटी पाटी कुठं असती का?"

मागच्या बाकावर कुणी हसलं. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. जुना फोन फुटल्यानं त्यांनी शुक्रवारी नवा घेतला होता, तेव्हापासूनच अक्षरं उलटी येत होती. पण सांगून ऐकतील तर ते रामकिशन सर कसले? बाईंनी त्यांना केंद्रशाळेच्याच पाटीखाली उभं केलं आणि त्यांच्याच फोनवर सेल्फी काढायला लावला. सरांच्या फोटोतही शाळेचं नाव उलटं उमटलं. शेजारी उभ्या भुजंग गुरुजींनी आपल्या फोनवर काढला, त्यांचा सरळ आला. बाईंनी सगळ्यांना समजावलं, की पुढचा कॅमेरा आपल्याला आरशासारखं दाखवतो. काही फोन फोटो तसाच उलटा साठवतात, काही सरळ करून ठेवतात, सेटिंगमध्ये हवं तसं बदलताही येतं. आरशासमोर उभं राहून काढला तरी अक्षरं उलटीच.

सर हार मानेनात. म्हणाले, ठीक हाय, पण म्हणून तुम्ही हजर होता हे कुठं सिद्ध झालं?

"नाहीच झालं," बाई म्हणाल्या. "उलट्या अक्षरांनी खोटं ठरत नाही, तसं सरळ अक्षरांनी खरंही ठरत नाही. गावात येऊन पोरांना विचारा."

सरांनी तोंड वाकडं करून नोटीस खिशात घातली. माफीचा शब्द काढला नाही. विषय बदलायला त्यांनी नेहमीसारख्या भेटवह्या मागितल्या. केंद्रप्रमुखानं शाळेला भेट दिली की या वहीत शेरा लिहून सही करायची असते. इथं मात्र वह्याच बैठकीला यायच्या आणि चहा पिता पिता सगळ्या शाळांच्या भेटी उरकायच्या. बाईंच्या वहीत सरांच्या अकरा भेटी होत्या. त्यांच्या शाळेत सरांनी एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं.

सरांनी पेन उघडून हात पुढं केला. बाईंनी वही पिशवीतून काढलीच नाही.

"सर, या वेळची सही शाळेत येऊन करा," त्या म्हणाल्या. "आणि पाटीखालचा सेल्फी ग्रुपवर टाका. अक्षरं उलटी आली तरी चालतील."

या वेळी मागच्या बाकावर कुणी हसलं नाही.