आक्काचा ब्लॉग मी हलवला तेव्हा

माझी थोरली बहीण गडहिंग्लजला असते. तिला आम्ही आक्का म्हणतो, तिच्या सासरची माणसंही आक्काच म्हणतात, आणि तिचा स्वयंपाकाचा ब्लॉग वाचणाऱ्या बायकांनीही तिला तेच नाव लावलं. चौदा वर्षं ती पहाटे चारला उठून, चहाचं आधण ठेवून, लिहायला बसायची. आमटी, चटण्या, सणाचं काहीबाही. तीनशेच्या वर लेख झाले होते. एक दिवस जिथं हा ब्लॉग होता त्या कंपनीचं पत्र आलं की आमची सेवा आम्ही बंद करतोय, आपापलं सामान उचलून न्या.

आक्कानं मला फोन केला. "तू हेच काम करतोस न्हवं? मग बघ की."

मी हेच काम करतो. मंगळवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर माझी खोली आहे, तिथं बसून मी लोकांच्या वेबसाइटी बनवतो. दूध संस्था, मंगल कार्यालयं, एखादा दवाखाना. वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत माणसाला जो माज येतो तो मला व्यवस्थित आला होता. मी म्हटलं, "आक्का, एका दिवसाचं काम हाय. जेवायला काय करणार ते सांग."

कंपनीनं सगळा ब्लॉग एका एक्सएमएल फाइलीत बांधून दिला. आक्कानं ती मला मेल केली. अशी फाइल म्हणजे घर बदलताना सगळं एकाच पोत्यात कोंबल्यासारखं असतं. लेख, मसुदे, वाचकांच्या कॉमेंट, सगळं एकाखाली एक, प्रत्येकावर बारीकशी चिठ्ठी की हा लेख आहे, ही कॉमेंट आहे, ही अमक्या लेखाखालची आहे. त्यातून मला प्रत्येक लेखाची वेगळी मार्कडाउन फाइल करायची होती. मार्कडाउन म्हणजे साधा मजकूर, ठळक शब्दाला दोन्हीकडून चांदण्या, मथळ्याला पुढं एक खूण, बस्स. आणि प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर फ्रंट मॅटर, म्हणजे तीन-तीन आडव्या रेघांच्या मध्ये शीर्षक, तारीख, विषय. एकदा अशा फाइली हातात आल्या की कुठल्याही कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही.

नेटवरून हे काम आपोआप करणारी एक स्क्रिप्ट घेतली, चालवली, आणि चहा प्यायला खाली गेलो. परत येऊन बघतो तर फोल्डरमध्ये एकच फाइल. नाव नाहीच, नुसता टिंब आणि पुढं एमडी, म्हणजे मार्कडाउनची शेपटी तेवढी. स्क्रिप्ट लिहिणारा कोण परदेशातला गडी होता, त्यानं शीर्षकातली इंग्रजी अक्षरं आणि आकडे तेवढे ठेवून बाकीचं उडवायचं असं ठरवलेलं. आक्काच्या शीर्षकात इंग्रजी कशाला असेल? सगळी नावं उडून रिकामी झाली, आणि तीनशे लेख एकाच नावाच्या फाइलीवर एकामागून एक बसले. शेवटी वर राहिला तो भरल्या वांग्याचा. मी एकटाच खोलीत मोठ्यानं हसलो. मग फाइलींची नावं तारीख आणि क्रमांकावरून दिली.

पुढची अडचण आक्काच्या शीर्षकांची. "कटाची आमटी: आमच्या घरची", "पिठलं: घाईचं". प्रत्येक शीर्षकात दोन टिंबं, आणि फ्रंट मॅटरमध्ये दोन टिंबांना वेगळा अर्थ असतो, त्यामुळं साइट बनताना अडून बसायची. सगळी शीर्षकं अवतरणात घातली. मग दिसलं की संक्रांतीच्या पोळ्या भोगीच्या तारखेला पडल्यात आणि गुढीपाडवा आदल्या दिवशीच साजरा झालाय. फाइलीतल्या वेळा लंडनच्या घड्याळाच्या होत्या, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. पहाटे चारला लिहिणाऱ्या बाईचं सगळं आयुष्यच त्यामुळं एक दिवस मागं गेलं होतं. तेही सरळ केलं. फोटो जुन्या कंपनीच्या पत्त्यावर होते, ते बंद व्हायच्या आत उतरवून घेतले आणि लेखांतले पत्ते बदलले.

एका दिवसाचे चार झाले, पण काम असं देखणं झालं की मीच माझी पाठ थोपटली. कॉमेंट तेवढ्या मी घेतल्या नाहीत. स्क्रिप्टला सांगितलं, जिथं लेख लिहिलंय तेवढंच उचल, कॉमेंट सोड. "मस्त आक्का", "करून बघते", "फोटो छान", असला पाचोळा कशाला वाहून न्यायचा, असं माझं मत. मतं बनवायला मला फारसा वेळ लागत नाही.

नवी साइट सुरू झाली. जुना ब्लॉग बंद पडला. आक्का खूष होती, मीही खूष. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"कांदा लसूण चटणीच्या पानाखालची दुरुस्ती कुठं गेली?"

"कसली दुरुस्ती?"

"ऐक आता," आक्का म्हणाली. तिचा हा आवाज ऐकला की मला लहानपणापासून भीती वाटते.

झालं होतं असं. कबनूरची एक वाचक, घरी चार माग आहेत तिच्या, वर्षाची चटणी करायला कांडपाच्या गिरणीत गेली होती. तीन किलो मिरची वाळवून, भाजलेला मसाला, कांदा, लसूण, खोबरं, सगळं घेऊन. आणि नव्या साइटवर बघून किलोला अर्धा किलो या हिशेबानं दीड किलो खडं मीठ. गिरणीवाल्यानं पिशवी उचलून बघितली आणि म्हणाला, "वहिनी, ही चटणी खायाची हाय का त्यात मासं मुरवायचं हाईत?" तेव्हा तिला आठवलं की पूर्वी या पानाखाली आक्कानं काहीतरी लिहिलेलं होतं. तिनं गिरणीतूनच आक्काला फोन लावला. "आक्का, तुम्ही खाली लिहिलेलं आता दिसंना झालंय."

मीठ किलोला पाव किलो हवं होतं. आक्कानं लिहिताना चुकून अर्धा लिहिलं होतं, अगदी सुरुवातीला, चौदा वर्षांपूर्वी, आणि दुसऱ्याच दिवशी खाली कॉमेंट टाकून दुरुस्त केलं होतं.

मी म्हटलं, "मग वरच दुरुस्त करायचं की. बटण असतंय."

"लिहिलेलं खोडायचं न्हाय," आक्का म्हणाली. "आबांनी काय शिकवलं?"

आमचे वडील शाळामास्तर होते. वहीत खाडाखोड दिसली की ते अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. चुकलं तर त्यावर रेघ मारायची नाही, खाली नव्या ओळीत "दुरुस्ती" लिहून बरोबर ते लिहायचं. मी ते सातवीतच विसरलो. आक्कानं तो नियम इंटरनेटवर चौदा वर्षं पाळला होता.

त्या दुपारी ती गडहिंग्लजच्या एसटीनं आली. हातात डबा होता पण तो तिनं माझ्या टेबलावर ठेवला नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवून बसली. "माझ्या शब्दावर बायका वर्षाचं सामान चढवत्यात," ती म्हणाली. "एकीची चटणी बिघडली तर पुन्हा कोण माझं वाचंल? आता किती ठिकाणी असं झालंय ते सांग."

पोतं माझ्याकडं होतंच, जुनी फाइल मी फेकली नव्हती. स्क्रिप्ट बदलून कॉमेंट काढल्या, प्रत्येक कॉमेंटवर कुठल्या लेखाची ते लिहिलेलं असतं, त्याप्रमाणं त्या त्या फाइलीच्या तळाशी लावल्या. मग म्हटलं, ज्यात "दुरुस्ती" हा शब्द असेल तेवढ्याच ठेवू, बाकीच्या गाळू.

"मी दर खेपेला दुरुस्ती असंच लिहिलंय व्हय? आधी वाच तरी."

वाचायला बसलो. ती खुर्चीवर, मी स्टुलावर. "चुकलं गं माझं, गूळ आधी विरघळवायचा." "काल लिहिलं ते पीठ तांदळाचं न्हवं, ज्वारीचं." एका अनारशाच्या लेखाखाली सांगलीची बाई लिहिते की तुमच्या पद्धतीनं माझे तळताना फुटले, आणि खाली आक्का, की तुमचं बरोबर, मी दोन दिवस भिजवणं लिहिलं, तीन लागतात, आता मीही तसंच करते. एकीनं करडईच्या भाजीवरून आक्काला चांगलंच झोडपलं होतं आणि आक्कानं मुकाट्यानं मान्य केलं होतं. घरात ही बाई कुणाचं एक ऐकत नाही. मला हसू आवरेना, आणि हसता हसता बरंही वाटत होतं. वरचा लेख म्हणजे अर्धीच पाककृती होती. उरलेली अर्धी या बायकांनी मिळून खाली लिहिली होती, आणि तोच भाग मी पाचोळा म्हणून टाकला होता.

"सगळ्या ठेव," आक्का म्हणाली. "फोटो छान म्हणणाऱ्या पण. तिनं वेळ काढून लिहिलंय."

सगळ्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरलं ते. वाचताना मी मध्येच म्हणालो, "आक्का, हे थालिपिठाचं तू लै भारी लिहिलंयस गं."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आज वाचलंस?"

आता खोटं बोलायला तोंड नव्हतं. दर दिवाळीला मी तिला सांगत आलो होतो की तुझा ब्लॉग एक नंबर, आमच्याकडं सगळे वाचतात. तिचं अक्षर न अक्षर मी स्क्रिप्टमधून काढलं, तारखा सरळ केल्या, टिंबं अवतरणात घातली, आणि एक ओळ वाचली नव्हती. वाचली असती तर चटणीखालची दुरुस्ती पहिल्याच दिवशी दिसली असती. मला लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

आक्का रागावली नाही. तिनं डबा उघडून टेबलावर ठेवला आणि चटणीची फाइल काढायला सांगितली. "तुझी चूक हाय, तूच लिही. खाली."

मी तळाशी टंकलं: "दुरुस्ती: साइट हलवताना या पानाखालचा मजकूर तीन दिवस दिसत नव्हता. चूक माझी. मी हे न वाचताच इथं आणलं होतं. आक्काचा धाकटा भाऊ."

तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "तीन दिवस न्हवं." मी ते खोडायला हात पुढं केला, तर तिनं मनगट धरलं.

मग मी खाली नव्या ओळीत लिहिलं: "दुरुस्ती: मला तो तीन दिवस नव्हे, चौदा वर्षं दिसत नव्हता."