करंगळीला तेल नाही

माझा धाकटा भाऊ दर सोमवारी संध्याकाळी अम्माच्या हाताला घाबरायचा. इतर दिवशी नाही. मंगळवारी तिनं कुशीत घेतलं की खुशाल दूध प्यायचा, तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीशी खेळायचा. सोमवारी मात्र दिवेलागणीला तिनं त्याचा गाल बोटानं आपल्याकडे वळवला, की तो अंग चोरायचा, तोंड फिरवायचा आणि असा ओरडायचा की शेजारच्या खोलीतला माग थांबायचा.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील यंत्रमागावर, आणि घरात अम्मा आणि मेनत्ता, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, दोघी विड्या वळायच्या. ते दुष्काळाचं साल होतं. श्रावण आला तो नुसता पंचांगात आला. आभाळ पांढरं, वारा कोरडा, आणि नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक.

अम्मानं त्या श्रावणात सोळा सोमवार धरले. कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. माझ्या पाठची बहीण आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जुलाब आणि तापात गेली होती. भाऊ तेव्हा पोटात होता. आता तो तिच्याच वयाचा होत आला होता, आणि त्या वयाच्या पुढे तो सुखरूप जावा एवढंच अम्माला हवं होतं. उपास तिनं कडक घेतला. सूर्य उगवल्यापासून संध्याकाळच्या पूजेपर्यंत पाण्याचा थेंब नाही, अंगाला तेल नाही, चुलीला हात नाही. अंगावर पिणारं मूल असताना असं करू नको म्हणून मेनत्तानं दोनतीनदा सांगून पाहिलं. अम्मा ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. ती मान हो म्हणते की नाही, हे आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नाही.

स्वयंपाक नाही, म्हणून सोमवारी तिला विड्यांना जास्त वेळ मिळायचा. सकाळपासून सूप मांडीवर. टेंभुर्णीची पानं रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. ती मऊ पडली की पत्र्याच्या साच्यावर ठेवून कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, टोकं नखानं मुडपायची, दोरा गुंडाळायचा. घरात प्यायला पाणी नसलं तरी पानांना पाणी लागायचंच, कारण कोरडं पान वळताना तडकतं. मी मधल्या सुट्टीत घरी यायची तेव्हा पानं ओली चकचकीत दिसायची आणि अम्माचे ओठ पांढरे. ती ते सारखे जिभेनं ओले करायची. त्यानं ते आणखीच सुकायचे आणि कडेला चिरायचे.

पहिल्या सोमवारी भाऊ ओरडला तेव्हा आम्ही म्हटलं, दात येत असतील. दुसऱ्या सोमवारी म्हटलं, पोट दुखत असेल. तिसऱ्या सोमवारी कुणी काही म्हटलं नाही. अम्मानं त्याला मेनत्ताकडे दिलं आणि पाळण्याच्या दोरीकडे बघत बसली. तो पाळणा बहिणीचाच होता.

"तिला आवडत नाय," ती म्हणाली. "सोमवारी येती ती. तिच्या जागेवर ह्याला घेतलेलं तिला खपत नाय."

ती तेलुगूत म्हणाली, पण मला ते आजही असंच सोलापुरी मराठीत आठवतं. माझ्या अंगावर काटा आला. मला त्या खोलीची भीती तिथपासून बसली. पाळण्याखालची जागा मी ओलांडायची नाही, वळसा घालून जायची. सोमवारी ऊन उतरलं की मला वाटायचं, आता दाराशी कुणीतरी रांगत येईल. आणि खोटं कशाला बोलू, भीतीबरोबर थोडी वाटही बघायची मी. मला ती आवडायची. तिचे दोनच दात होते आणि ती माझं नाक चावायची.

वडिलांनी आपल्या परीनं उपाय केला. अम्माची बोटं फाटलीत एवढं त्यांनी पाहिलं होतं. भाऊ का रडतो ह्याच्याशी त्यांनी त्याचा संबंध लावला नव्हता. सात रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानातून ते ग्लिसरीनची बाटली घेऊन आले. अम्मानं ते रविवारी जेवणानंतर कोरड्या हातांना तसंच घट्ट चोपडलं. चिरांत आग झाली. सकाळी बोटं आणखी ताठ. त्या कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन कातडीतलंच उरलंसुरलं पाणी ओढून घेतं, त्यात पाणी घालून लावायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं. बाटली फळीवर गेली आणि वडील दोन दिवस हिरमुसले.

पुढच्या सोमवारी तेच झालं. ओरडणारा भाऊ मेनत्तानं खांद्यावर घेतला, त्याच्या गालावरून बोट फिरवलं, आणि तो हुंदके देत गप्प झाला. मेनत्ता आपल्या बोटाकडे बघत राहिली. तीही विड्याच वळायची. तोच तंबाखू, तोच दोरा. मग तिनं कोनाड्यातून वडिलांनी आणलेल्या रेशमाची एक लड काढली आणि अम्माला म्हणाली, हात दे. विणकराच्या घरात सुताची परीक्षा बोटानं करतात. तिनं बोटाची परीक्षा सुतानं केली. अम्माचं बोट लडीवरून ओढलं. रेशीम प्रत्येक चिरेत अडकलं, धागे वर आले. मग मेनत्तानं स्वतःचं बोट ओढलं. ते सुळकन गेलं.

"मी आज भाकरीचं पीठ मळलंय, भाजी फोडणीला टाकलीय, भांडी घासलीत," मेनत्ता म्हणाली. "पाणी, पीठ, तेल, सगळं लागलंय माझ्या हाताला. तुझ्या हाताला सकाळपासून नुसता तंबाखू. खरवडतंय की लेकराला. त्याचा गाल केवढा."

अम्मानं हात पदराखाली घेतला. मला मात्र एकदम सगळं पटलं आणि मी पाळण्याखालून सरळ चालत गेले, मुद्दाम.

मग मेनत्तानं अम्माला पानासारखं वागवायला सुरुवात केली. कोरड्या पानाला तेल फासून ते मऊ होतं का, असं ती विचारायची. आधी पाणी मुरू द्यायचं, मग ते उडू नये म्हणून गुंडाळायचं. रविवारी संध्याकाळी काम आवरलं की तांब्याभर कोमट पाणी परातीत ओतून त्यात अम्माचे हात थोडा वेळच ठेवायची. फार वेळ ठेवले तर कातडी फुगून परत फाटते म्हणायची. कपड्याचा साबण हाताजवळ येऊ द्यायची नाही. मग हात पुसायचे नाहीत, नुसते टिपायचे, आणि ओलसर असतानाच करडईचं तेल चिराचिरांत भरून वर जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधायच्या. ओठांना तूप, आणि जीभ लावायची नाही अशी ताकीद. सोमवारी उजाडायच्या आत तिला उठवून ताक-भात आणि पाणी, घोट घोट करून, पोट डब्ब न होता. संध्याकाळी चुरम्याचा नैवेद्य झाला की आधी पुन्हा पाणी, मग जेवण. दिवसा तेल चालायचं नाही, नवस होता, आणि तेलकट बोटानं पानावर डाग पडला की कारखान्यात तपासणारा विडी फेकून द्यायचा. पण रविवारचं तेल तोवर कामाला आलेलं असायचं. शिवाय सोमवारी दुपारी मेनत्ता ओल्या गोणपाटाचा तुकडा अम्माच्या हातांवर टाकून ठेवायची. पानांनी थोडं पाणी तिलाही द्यावं, म्हणायची.

असं पहिल्यांदा केलं त्या सोमवारी दिवे लागले. अम्मानं भावाला घेतलं, बोटानं गाल वळवला. तो प्यायला लागला. नुसता गटगट. मेनत्तानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

अम्मा रडत होती. आवाज नव्हता, पाणीही फारसं नव्हतं, दिवसभराच्या उपासानं डोळ्यांतसुद्धा काटकसर आली होती. मेनत्ता म्हणाली, आता काय झालं, पितोय की चांगला.

"मग ती येतच नव्हती काय?" अम्मा म्हणाली.

मेनत्तानं दिव्याची वात सारखी केली. मला तेव्हा अम्माचा राग आला. सगळं ठीक झालंय, भूत गेलंय, आणि ही रडतेय. आम्ही तिच्याकडून काय काढून घेतलं ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नव्हतं. ती घाबरत होती हे खरं. पण घाबरून का होईना, आठवड्यातून एक संध्याकाळ तिला दोन्ही लेकरं जवळ होती.

त्याच्या पुढच्या रविवारी पट्ट्या बांधताना मेनत्ता म्हणाली, डावी करंगळी राहिली. अम्मा म्हणाली, कापड पुरलं नाही. कापड पुष्कळ होतं, माझ्याच मांडीवर होतं. मी ते पुढे केलं तर तिनं करंगळी मुठीत मिटली. तेलाची वाटी मेनत्ताच्या हातात होती. तिनं अम्माकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली.

सोमवारी दिवे लागले. भाऊ प्यायला, पोट भरलं, डोळे मिटायला आला. अम्मानं त्याला उजव्या हातानं थोपटलं. मग डावी करंगळी हळूच त्याच्या गालावर ठेवली आणि ओढली. त्याचं तोंड वाकडं झालं. तो अंग चोरून ओरडला.

"आली," अम्मा म्हणाली, आणि पाळण्याकडे बघून हसली.

तिला तसं हसताना मी बहीण गेली त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा पाहिलं. तिनं लगेच भावाला छातीशी धरलं, मऊ बोटांनी गाल चोळला, तो गप्प झाला. एवढंच. तिला तेवढंच पुरायचं. उरलेले सगळे सोमवार असेच गेले. आठ बोटं आणि दोन अंगठे यांतली एक करंगळी सोडून सगळ्यांना तेल. भाऊ त्या वयाच्या पुढे गेला, चालायला लागला, पडला, बोलायला लागला. चुरम्याचं उद्यापन झालं. करंगळी मात्र तशीच राहिली. मेनत्तानं तिच्याबद्दल परत कधी विचारलं नाही.

एकदाच, त्यातल्याच एका सोमवारी, भाऊ झोपला होता म्हणून मी अम्माजवळ सरकले आणि माझा गाल पुढे केला. तिला कळलं. तिनं करंगळी माझ्या गालावर ठेवली आणि हळू खाली ओढली. चिरेची कड टोचली. मी दाराकडे बघत राहिले. अम्माही बघत होती, पण माझ्या तोंडाकडे. मला रडू आलं नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि बोट काढून घेतलं.