तिसरी तार

भोरच्या एसटी स्टँडाजवळ माझं दुरुस्तीचं दुकान होतं. आधी रेडिओ आणि टेप, मग टीव्ही, आणि दोन हजार सालानंतर हळूहळू कॉम्प्युटर. लॅपटॉप दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. एक उघडला, जोडला, चालला. मग दुसरा उघडला. नसरापूर, वेल्ह्याकडे तेव्हा मोबाईलवाले झाले होते, पण लॅपटॉपचे स्क्रू काढायची कुणाची हिंमत नव्हती. त्यामुळे तिकडची माणसंही माझ्याकडे यायची.

असंच विंझरचं एक कुटुंब आलं. म्हातारे आबा, त्यांचा धाकटा मुलगा आणि थोरली सून. थोरला मुलगा नोकरीनिमित्त बाहेर असायचा. सून बाहेरून एम.ए. करत होती आणि प्रबंध लॅपटॉपवर लिहीत होती. आबांना स्वतःला सही करण्यापुरतंच येत होतं, पण सुनेचं सांगताना त्यांचा आवाज चढायचा.

झालं असं होतं, की जुन्या चार्जरची वायर उंदरानं कुरतडली. धाकटा दीर टेम्पो घेऊन पुण्याच्या मार्केटला जायचा. त्यानं तिथून येताना नवा चार्जर आणला. वरून अगदी तसाच: तीच गोल पिन, पिनेच्या मधोमध तीच बारीक सुई. लावल्यावर लॅपटॉप सुरू झाला, पण बॅटरी चार्ज होईना आणि मशीन गोगलगायीसारखं चालायला लागलं.

"एक पान खाली सरकवायचं तर च्या पिऊन यावं," ती ताई म्हणाली. "आणि आमच्याकडं बारा-बारा तास लाईट नसती. बॅटरी भरत न्हाई म्हणजे लिहायचं कधी?"

मी लॅपटॉप सुरू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. माझं इंग्रजी बेताचं, पण इतकं कळलं: चार्जर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, मशीन सावकाश चालेल.

मी मीटर काढला. पिनेच्या बाहेरच्या कड्याला एक टोक, आतल्या कड्याला दुसरं. साडेएकोणीस व्होल्ट, अगदी ठणठणीत. चार्जरवर जेवढे लिहिले होते तेवढेच. मधल्या सुईचा मी विचारच केला नाही. पिन सरळ आत जावी म्हणून ठेवली असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग मी हिशेब मांडला. चार्जर बरोबर व्होल्ट देतोय. तरी मशीन म्हणतंय चार्जर ओळखता येत नाही. म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरचा ओळखणारा भागच जळलाय.

"बोर्ड गेलाय," मी म्हणालो. आणि तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जाणकार असल्याचा रुबाब दाखवायची खोड. वर म्हणालो, "हा डुप्लिकेट चार्जर लावला ना, त्यानं खाल्ला बोर्ड."

आबा मुलाकडं बघायला लागले.

"तुला सांगितलं हुतं, वळखीच्या दुकानातनं आण."

"आबा, दुकानदार म्हनला सेम हाय. म्या पिन लावून बघितली..."

"पिन बघितली! पोरीचं वरीस घालवलंस तू."

तो पंचवीस-सव्वीसचा गडी, हाडापेरानं मजबूत, पण मान खाली घालून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. ताई म्हणाली, "जाऊ द्या आबा, भावजींनी मुद्दाम का केलंय?" पण आबांनी ऐकलं नाही. मी लॅपटॉप ठेवून घेतला. गुरुवारी पुण्याला जाईन तेव्हा बोर्डाचं काम करणाऱ्याला दाखवतो म्हणालो. ताईचं लिखाण डिस्कवर सुरक्षित आहे एवढा धीर दिला. दोन्ही चार्जर आणि मशीन टेबलावर सोडून ते गेले.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून कुठंतरी टेकाडावर उभी होती बहुतेक, वाऱ्याचा आवाज येत होता.

"दादा, बोर्डाचं कायपन होऊ द्या. पण आबांना एकदा सांगाल का, की चूक भावजींची न्हाई म्हणून? त्या दिवसापासनं ते घरात जेवत न्हाईत. डबा घेऊन टेम्पोत बसत्यात. आबा बोलत न्हाईत, भावजी बी बोलत न्हाईत."

मी "बघतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चूक त्याचीच आहे, असं मी स्वतः सांगून बसलो होतो. फोन ठेवला आणि कामात लक्ष लागेना. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून उंदरानं कुरतडलेला जुना चार्जर ओढला. पिनेपासून वीतभर अंतरावर वायर तुटली होती. म्हटलं, निदान हा जोडून ठेवावा.

वायरचं वरचं काळं रबर सोललं. बाहेरून तांब्याच्या केसांची जाळी, ती एक तार. आत जाड पांढरी, ती दुसरी. आणि पांढरीच्या कडेनं एक बारीक निळी, शिवणाच्या दोऱ्याएवढी.

मी बघतच राहिलो. टेपच्या, रेडिओच्या, कशाच्याही अडॅप्टरला दोन तारा. एकीनं वीज जाते, दुसरीनं परत येते. ही तिसरी कशाला?

आधी फक्त दोन जाड तारा जोडल्या. चार्जरचा दिवा लागला. लॅपटॉपला लावून मशीन सुरू केलं. तीच काळी पाटी, तीच सूचना. ओळखता येत नाही. क्षणभर वाटलं, बोर्डच गेलाय, आपण बरोबरच होतो. पण मग लक्षात आलं: हा तर कंपनीचा मूळ चार्जर. मशीन यालाही ओळखत नाही? की मी निळी तार सोडलीय म्हणून?

मशीन बंद केलं, चार्जर भिंतीच्या प्लगमधून काढला. निळीची दोन टोकं पिळून सोल्डरचा डाग दिला, टेप गुंडाळला. परत लावलं.

सूचना आलीच नाही. लॅपटॉप सरळ सुरू झाला आणि बॅटरीचा दिवा लागला. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, पण त्याला सांगायचं काय ते कळेना. म्हटलं, "बोर्ड चांगलाय रे!" तो म्हणाला, "कुणाचा?"

मग बसून नीट विचार केला. निळी तार त्या मधल्या सुईला जाऊन मिळते. लॅपटॉप तिच्यातून चार्जरला विचारतो, तू कोण, किती वॉटचा? मूळ चार्जरमध्ये त्याचं उत्तर देणारी बारीकशी चिप असते. उत्तर आलं तर मशीन हवी तेवढी वीज ओढतं. आलं नाही तर त्याला वाटतं, हा दुबळा असला तर? जास्त ओढली तर तापेल, जळेल. मग ते बॅटरी चार्ज करतच नाही, आणि स्वतःही सावकाश, कमी विजेत चालतं. मशीन बिघडलेलं नव्हतं. मला ते बिघाड वाटलं इतकंच.

फोन करून सांगता आलं असतं. पण जे तोंडावर बोललो होतो ते तोंडावरच मागं घ्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं, लॅपटॉप आणि दोन्ही चार्जर पिशवीत घेतले आणि निघालो. नसरापूरला गाडी बदलली. मार्गासनी मागं पडलं तसं काय बोलायचं ते मनात जुळवायला लागलो. आबा दोन शब्द सुनावतील, आणि ते बरोबरच असेल.

विंझरला त्यांचं घर रस्त्यापासून थोडं आत. टेम्पो बाहेरच उभा होता आणि धाकटा खरंच केबिनमध्ये बसून भाकरी खात होता. मला बघून त्याचा घास थांबला.

"खाली या," मी म्हणालो. "तुमच्यासमोरच सांगायचंय."

आबा ओटीवर होते. ताई आतून पाणी घेऊन आली. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं.

"आबा, चूक माझी झाली. बोर्डाला काही झालेलं नाही. तुमच्या मुलानं आणलेल्या चार्जरनं काही जळालेलं नाही."

मी जुना चार्जर लावला. सुदैवानं त्या वेळी लाईट होती. दिवा लागला, मशीन झरझर उघडलं. ताईनं आपला प्रबंध काढला, एक पान खाली सरकवलं, दुसरं सरकवलं आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली.

आबांना पटायला वेळ लागला. "मग ह्यो नवा कशानं चालंना?"

मी तिसऱ्या तारेचं सांगितलं. धाकटा पुढं सरकला.

"म्हंजी गाडी किती टनाची पास हाय ते लिहिलंच नसंल, तर मालक माल भरत न्हाई. तसंच ना?"

"तसंच. गाडी धडधाकट असली तरी कागदाशिवाय कोण भरवसा ठेवणार?"

"व्हय की! म्या बी न्हाई भरनार."

मग तोच म्हणाला, "दादा, ह्यो नवा कापा. बघू द्या आत काय हाय ते."

नवा चार्जर प्लगला लावलेला नव्हताच. त्यानंच विळीवर पिनेच्या मागं वायर कापली. रबर सोललं. दोनच तारा. मधली सुई होती, पण तिला मागून काहीच जोडलेलं नव्हतं. नुसती दिसायला.

आबांनी ते तुकडे हातात घेऊन उलटसुलट बघितले. "ह्ये बाहेरनं तुला कसं दिसनार," ते म्हणाले. मुलाकडं न बघता म्हणाले, पण म्हणाले. धाकट्यानं नाक ओढलं आणि उगाच टेम्पोकडं बघत राहिला. मग ताईनं दोघांची ताटं एका रांगेत मांडली, आणि तिसरं माझं. मी नको म्हणायच्या आतच आबांनी माझा हात धरून खाली बसवलं.

"तुमी आला, ह्ये बरं झालं," एवढंच बोलले. मला जे ऐकायची भीती होती त्यातलं एक अक्षरही नाही. पहिला घास घशाखाली उतरला तेव्हा कळलं, कालपासून मी धड जेवलो नव्हतो.

ताईला मी सांगून आलो, की जुन्याचा सांधा फार ओढू नका, आणि नवा कधी घ्याल तर मशीन सोबत नेऊन, दुकानातच लावून बघा. सगळे बाहेरचे चार्जर खोटे नसतात, काहींत ती चिप असते. बॅटरीचा दिवा लागला तरच घ्या.

धाकट्यानं मला टेम्पोतून नसरापूरपर्यंत सोडलं. वाटेत तो सबंध वेळ बोलत होता: टोमॅटोचा भाव, मार्केटमधली गर्दी, भोंगवलीला बघून आलेल्या मुलीचा विषय. मी नुसता हं-हं करत होतो. नसरापूरला भोरची गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही मिळाली. पिशवी मांडीवर रिकामी होती. कापूरहोळ कधी गेलं ते कळलंच नाही. कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा भोर आलं होतं.