पिशवीतला कांदा

इतवारीतल्या भांडीवाल्या दौलतरावांनी लग्नानंतरच्या तीन वर्षांत शाळेत शिकवणाऱ्या कुमुदला एकही गोड शब्द ऐकवला नव्हता. लहानपणी आई गेली तेव्हा ते रडले, तर बापानं "पोरीसारखा काहून रडून राहिला?" म्हणत चारचौघांत थोबाडीत दिली होती. तेव्हापासून मनातलं ओठांवर येऊ लागलं, की ते उठून सायकलला तेल घालत. सायकल बिचारी बुळबुळीत झाली होती.

१९७३च्या एप्रिलात कुमुदनं शेवटचं विचारलं, "मी तुम्हाले आवडते का? सांगा, नाहीतर चालली मी कन्हानले, माहेरी."

दौलतरावांचे कान लाल झाले. ते तेलाची कुपी घेऊन अंगणात गेले.

पिशवी भरून ती तडक बस स्टँडवर पोचली. तिकिटासाठी पिशवीत हात घातला, तर हाती कांदा. ऊन लागू नये म्हणून ते रोजच पिशवीत कांदा टाकत. हा गावंढळपणा म्हणत ती तो शाळेत फेकून देई. वह्यांना वास येतो, असं एकदा कुरकुरली, तेव्हापासून कांदा त्यांच्या रुमालात गुंडाळून येऊ लागला. आणि बाहीनं घाम पुसतात म्हणून तीच त्यांच्यावर ओरडत होती.

आजच्या रुमालावर तेलाचा ताजा अंगठा उमटला होता. म्हणजे तेल घालता घालता हे गुपचूप आत येऊन गेले होते.

ती तशीच त्यांच्या दुकानात गेली आणि कांदा त्यांच्या खिशात कोंबला.

"काहून आली वं?"

"ऊन लय आहे. तुम्हालेही लागंल."

दौलतराव सायकलकडे निघाले.

"बसा," कुमुद म्हणाली, "समजलं मले."