सहावं ताट

नेरिडा टास्करच्या स्वयंपाकघरात त्या आठवड्यात रोज उकडलेला बटाटा असायचा. खायला नव्हे, वाजवायला. रिकाम्या ताटलीवर काटा आपटला की घंटेसारखा टणकार उठतो आणि ऐकणाऱ्याला तेव्हाच कळतं, इथे कुणी जेवत नाहीये, कुणीतरी नुसती भांडी बडवतंय. ताटलीत कुस्करलेला बटाटा असला की तोच काटा दबका आवाज काढतो, जेवणाऱ्या माणसासारखा. हे तिला तिच्या नवऱ्यानं, व्हर्ननं शिकवलं होतं. त्याला ते कुणी शिकवलं होतं देव जाणे. बहुधा त्याच्या भुकेनं.

तस्मानियाच्या पश्चिमेकडच्या त्या खाणीच्या गावात शाळेचं नाटक म्हटलं की आवाज टास्करांकडचे, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. मास्तर बदलले, मुलं मोठी होऊन निघून गेली, पण ढगांचा गडगडाट टास्करांच्या केक भाजायच्या पत्र्याचाच राहिला. शेकोटी म्हणजे बिस्किटांच्या पुड्याचा चुरगळलेला कागद, बर्फातली पावलं म्हणजे चामड्याच्या पिशवीत भरलेलं कॉर्नफ्लॉवर. कामाची वाटणी साधी होती. व्हर्न वाजवायचा, नेरिडा कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि नापसंतीनं मान हलवायची. "परत कर." "का, काय झालं?" "घोडा लंगडतोय." "म्हातारा आहे गं घोडा." असं चालायचं.

गेल्या हिवाळ्यात व्हर्न गेला आणि दोघांचं काम एकटीवर आलं. आता ती बटण दाबायची, चार पावलं चालून टेबलाशी यायची, वाजवायची, परत जायची, ऐकायची, स्वतःलाच मान हलवायची. मान हलवलेली बघायला कुणी नसलं की त्या मान हलवण्याला काही अर्थच उरत नाही.

यंदाचं नाटक टेविटानं स्वतः लिहिलं होतं. टेविटा फोनुआ हा शाळेतला नवा मास्तर, मूळचा टोंगा बेटांवरचा, सिडनीत वाढलेला, दारातून आत येताना वाकावं लागणारा. पहिल्याच भेटीत त्यानं तिला 'आंटी' म्हटलं आणि ती जरा बावचळली. त्या गावात सत्तरीच्या बाईलाही शेंबडी पोरं नावानंच हाक मारतात.

"गोष्ट अशी आहे, आंटी," तो म्हणाला होता. "जुन्या काळातली खाणावळ. भिंतीआड सहा खाणकामगार जेवतायत. ते दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. बाहेर पायरीवर एक मुलगी बसलीय, त्यांतल्या एकाची. शेवटच्या प्रवेशात खाणीत अपघात होऊन गेलेला असतो. भिंतीआड परत जेवण चालू आहे, मुलीला वाटतं, सगळे आलेत. आणि मग ऐकता ऐकता तिला कळतं, एक ताट कमी आहे."

"तिला कोण सांगतं?"

"कोणी नाही. तुम्ही."

म्हणजे अख्खं नाटक तिच्या बटाट्यावर उभं होतं. एक ताट गेलेलं लोकांना ऐकू आलं नाही, तर पायरीवरची पोरगी उगाच रडणार आणि आयाबाया आपापसांत विचारणार, हिला काय झालं?

नेरिडानं रीतसर काम सुरू केलं. टेबलावर घोंगडी, तिच्यावर रेकॉर्डर, म्हणजे टेबलाचे हादरे त्यात जायचे नाहीत. खिडकीला रजई. फ्रिज बंद, कारण फ्रिजची घरघर एका रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही, पण सहा रेकॉर्डिंगं एकावर एक चढवली की सहा घरघरी चढतात आणि खाणावळीत ट्रक उभा असल्यासारखं वाटतं. मग पत्र्यावरचा पाऊस थांबायची वाट बघायची. त्या गावात ती वाट बघणं हेच निम्मं काम. पाऊस थांबला की ती एकेका कामगाराचं जेवण जेवायची, मग लॅपटॉपवर सहाही जेवणांच्या पट्ट्या एकाखाली एक मांडायची, कुणाला जरा पुढे, कुणाला मागे सरकवायची आणि सगळ्यांच्या आवाजाचा वरचा चरचरीत भाग कापायची, म्हणजे मधे भिंत आल्यासारखं होतं.

टेविटानं ते शाळेच्या हॉलमध्ये डोळे मिटून ऐकलं. मग बराच वेळ त्यानं दाढी खाजवली.

"बोल की. मला काही होत नाही," नेरिडा म्हणाली.

"चांगलंय, आंटी. खरंच. फक्त..." तो अवघडला. "सहा माणसं वाटत नाहीत. एकच बाई सहा वेळा जेवतेय असं वाटतं."

'मला काही होत नाही' म्हणाली खरी, पण ते वर्मी लागलं. पोराच्या ध्यानीमनीही नव्हतं तो काय बोलून गेला ते. घरी येईपर्यंत ते वाक्य तिच्या मागे मागे येत राहिलं, आणि घरी आल्यावर तर त्याला बसायला ऐसपैस जागाच मिळाली. टेबलाभोवती खुर्च्याही नेमक्या सहा होत्या.

पण पोरगा खोटं बोलत नव्हता. हात एक, सवय एक, घास चावायची लय एक. ताटल्या बदलून माणूस बदलत नाही. मग तिनं दुसऱ्यांसारखं जेवायला घेतलं. तिचा बाप ताटलीचा रंग जाईपर्यंत खरवडायचा. तो झाला एक. शेजारचा केव्हिन घाईघाईत काटा दातांवर आपटतो, दोन. तिची स्वतःची मुलगी लहानपणी वाटाणे कडेला ढकलत बसायची, आता तिला पर्थहून महिन्यातून एकदा फोन करायला वेळ मिळतो. तरी तिलाही घेतली, जरा जड हातानं. एक डावखुरा, एक सारखी खुर्ची करकरवणारा. पाच जण जमले, आणि पाचही वेगळे. नेरिडाला कितीतरी दिवसांनी स्वतःचं कौतुक वाटलं.

सहावा काही जमेना. सहावा तो, जो जाणार होता. तो असा हवा होता की असताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये आणि नसला की सगळ्यांना कळावं. असा माणूस तिला एकच माहीत होता. त्याचं रेकॉर्डिंगही तिच्याकडे होतं. आणि म्हणूनच ती दोन दिवस त्याच्या वाटेला गेली नाही.

ते होतं एक फुकट गेलेलं रेकॉर्डिंग. प्रत्येक नाटकासाठी ही जोडी थोडा वेळ नुसतं रिकामं स्वयंपाकघर रेकॉर्ड करायची. आवाजांच्या मधल्या फटी बुजवायला ती शांतता लागते, नाहीतर फटीफटीतून सगळं मेल्यासारखं वाटतं. त्या दिवशी नेरिडानं बटण दाबलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली. व्हर्ननं दोन अपराध केले. एक, आइस्क्रीम वितळेल म्हणून फ्रिज बंदच केला नाही. दोन, शांतता रेकॉर्ड होतेय हे विसरून तो चहा घेऊन टोस्ट खायला बसला. खुर्चीवर त्याचं बसणं, चमच्याचं ढवळणं, मग कपाच्या काठावर दोनदा टकटक, टोस्टवर सुरी, मोठा सुस्कारा, परत ढवळणं. शेवटी दार उघडतं आणि नेरिडाचा आवाज येतो, "अरे माणसा, शांत बसायला सांगितलं होतं ना!" ती तेव्हा खरंच चिडली होती. पुसून टाकायचं राहून गेलं एवढंच.

पाऊस जोरात होता, नवीन काही रेकॉर्ड करणं शक्यच नव्हतं. तिनं ते रेकॉर्डिंग पाचांच्या खाली ठेवलं आणि ऐकलं. व्हर्न जेवायला बसला, आणि खाणावळ भरली.

फ्रिजची घरघर होतीच. ती काढता येते. खालचे घुमणारे आवाज कापले की झालं. नेरिडानं कापून पाहिलं. घरघरीबरोबर व्हर्नचं वजनही गेलं, खुर्चीत बसलेला माणूस पाखरासारखा हलका झाला. तिनं कापलेलं परत जोडलं. मग फक्त त्याची पट्टी बंद करून बघितली. पाच जण तसेच जेवत होते, पण खोलीतून काहीतरी निघून गेलं होतं. एरवी हाच दोष. एका पट्टीत घरघर आणि बाकीच्यांत नाही, असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिनं ते तोंडावर फेकलं असतं. आज ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आपल्या घरातून गेल्या हिवाळ्यात नेमकं काय गेलं ते तिला कुणाला सांगता आलं नव्हतं. ते हे होतं.

स्वतःचा आवाज येण्याआधी तिनं रेकॉर्डिंग कापलं.

शाळेचा आवाजाचा मिक्सर लहानसा. तिनं पाच जण लॅपटॉपच्या डाव्या बाजूला घातले, सहावा उजव्या, आणि वायरीची दोन टोकं आवाज वरखाली करायच्या दोन सरकपट्ट्यांना जोडली. टेविटानं तालमीत ऐकलं आणि तो वळून बघायला लागला.

"आंटी, हा सहावा कोण?"

"आहे एक," नेरिडा म्हणाली. "लक्ष नको देऊ त्याच्याकडे. तेच त्याचं काम."

पहिल्या प्रयोगाला हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत व्हर्नचे खाणीतले जुने सोबती बायकांसकट बसले होते. पहिल्या प्रवेशात भिंतीआडून जेवण सुरू झालं. कपावर दोनदा टकटक झाली आणि नेरिडानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्याच्याबरोबर चहा प्यायलेली माणसं. एकाचीही मान वळली नाही. तिला राग आला, आणि मग राग आल्याची लाज वाटली. खाणीत फ्रिज नसतो आणि कपही पत्र्याचे असतात.

शेवटच्या प्रवेशात टालिया, ती पायरीवरची मुलगी, कंदील घेऊन बसली. भिंतीआड, तिला वाटत होतं तसे, सहाही जण जेवत होते. टालियानं कंदील खाली ठेवला. ही खूण होती.

नेरिडाचं बोट सरकपट्टीवर होतं. एकदम ओढायचं नाही, नाहीतर बटण बंद केल्यासारखं वाटतं. माणूस उठून गेल्यासारखं, हळूहळू. ढवळणं गेलं. सुस्कारा गेला. घरघर गेली. पाच काटे वाजत राहिले आणि त्यांच्याखाली काहीच उरलं नाही. अख्खा हॉल अवघडून जागच्या जागी गप्प झाला, काय झालं ते न कळताच. टालियाला रडायचीही गरज पडली नाही. ती नुसती भिंतीकडे वळली, आणि तिसऱ्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

पडदा पडल्यावर टेविटा धावत मागे आला. त्याचे डोळे ओले होते आणि तो ते लपवतही नव्हता.

"काय केलंत, आंटी! माझ्या अंगावर काटा आला. ऐका, उद्यासाठी मी हे सगळं एकात जोडून देतो, ते ओढणंसुद्धा आत बसवतो. तुम्ही फक्त एक बटण दाबायचं. परवाच्या प्रयोगाला तर यायचीही गरज नाही."

उद्या. हे नेरिडाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती एवढी आजच्या ओढण्याशी झुंजत होती की प्रयोग तीन आहेत हेच विसरली होती.

"जोडू नकोस," ती म्हणाली.

"अहो, पण तुम्हाला त्रास..."

"टालिया कंदील कधी ठेवेल ते यंत्राला काय कळतं? माणूस लागतं तिथे." तिनं वायर नीट गुंडाळली आणि लॅपटॉप मिटला. उद्या सातला पहिल्या प्रवेशात व्हर्न पुन्हा जेवायला बसणार होता, आणि शेवटच्या प्रवेशात त्याला तिथून उठवायचं काम ती दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हती.