मागच्या सीटवरचा अर्धा तास

माझी रजा सोमवारी संपत होती, आणि त्या शनिवारी सकाळी मी बायकोला सांगून निघालो होतो की येईन तो गाडी घेऊनच येईन. मुंबईत एका कारखान्याचा टेम्पो चालवत मला नऊ वर्षं झाली होती. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी, मी दहा जणांच्या खोलीत. मुलगी मला 'मुंबईचे बाबा' म्हणायची, जणू गावात तिचे आणखी एक बाबा होते. लोक हसत, मीही हसत असे, आणि आतून चडफडत असे. रत्नागिरीच्या स्टँडवरून आसपासच्या गावांना भाड्याची गाडी चालवायची आणि संध्याकाळी घरी जेवायला बसायचं, एवढंच मला हवं होतं. तेव्हा नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे, म्हणून जुनी बघायची. शहराच्या कडेला एका बागायतदाराची गाडी विकायची होती. जमली तर कारखान्याला राजीनाम्याचं पत्र, नाही जमली तर रविवारची एसटी.

गाडी पारखायला मी काकांना घेऊन गेलो. वडिलांचे धाकटे भाऊ. चिपळूणला ट्रकच्या गॅरेजात त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या कानाचं कौतुक आमच्या घरात देवाच्या कौतुकाइतकं होत असे. ट्रक वळणावर यायच्या आधीच ते सांगत, ह्याचा एक सिलिंडर मार खातोय. गाडी तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. चालवायचं दुसऱ्याने, हे मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार. हाताखालच्या माणसांना शिकवायचे तेव्हा एका फेरीत तीनदा विचारायचे, "काय ऐकू येतंय?" का तीनदा, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "पयल्यांदा माणूस त्याच्या मनातलं बोलतो. तिसऱ्यांदा गाडीतलं."

बागायतदार अगत्याचे गृहस्थ होते. गाडी अंगणाच्या तोंडाशी, उताराकडे नाक करून उभी. पांढरी, गोलसर, धुऊन पुसून लख्ख. बघताक्षणी मला ती माझी वाटली, आणि तिथेच मी पहिला गाढवपणा केला. बायकोने पिशवीत घातलेला नारळ काढून सरळ बागायतदारांच्या हातात दिला. आमच्याकडे असा नारळ हातात पडला की घरचा मोठा माणूस देवासमोर गाऱ्हाणं घालतो, आणि गाऱ्हाणं घातलं की शब्द फिरवायचा नसतो.

"मग आधी देवाला सांगूया, नि फेरी मग मारूया," बागायतदार म्हणाले. "अकरा वाजता चिपळूणची पार्टी यायची हाय. तुमच्या फेरीला अर्धा तास ठेवलाय."

काकांनी ऐकलं की नाही कळेना. ते बॉनेटवर तळवा ठेवून उभे होते.

"ही गरम हाय," ते म्हणाले.

"सकाळी जरा चालू करून ठेवली."

"मग थंड होऊदे. आमी बसतो. नारळ ऱ्हाऊदे देवाजवळ, आल्यावर घाला गाऱ्हाणं."

आणि ते खरोखरच पडवीत जाऊन बसले. चहा आला, पोहे आले, आंब्याच्या कलमांवर गप्पा झाल्या. बागायतदार बोलत होते आणि काका "होय, होय" करत होते. मी उठत होतो, बसत होतो, घड्याळ बघत होतो. चिपळूणची पार्टी आत्ता फाटकातून आत येतेय असं मला दर मिनिटाला दिसत होतं. थंड इंजिन सुरू होताना जे लपवत नाही ते गरम इंजिन लपवतं, हे मलाही ठाऊक होतं. पण त्या घटकेला मला काही ठाऊक असायला नको होतं.

पाऊण तासाने काका उठले. उतारावर लावलेली गाडी आम्हाला ढकलत सपाटीवर आणायला लावली. आमच्या मुलखात सगळेच गाडी उतारावर लावतात, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. काकांना वाटलं होतं. सपाटीवर स्टार्टरने दोनदा कण्हून गाडी सुरू झाली. "बॅटरी गेली," काका म्हणाले, "ती बदलता येते." मागून निळसर धूर आला आणि मिनिटभरात थांबला. तोवर ते खाली वाकून टायर बघत होते. पुढचा डावा आतल्या बाजूने जास्त झिजलेला. स्टिअरिंग दोन बोटांनी इकडेतिकडे हलवून चाक वळायला कधी लागतं ते त्यांनी मला बघायला लावलं. मी 'ठीक आहे' म्हणालो. ठीक नव्हतं, पण फार वाईटही नव्हतं.

आणि मग त्यांनी एक नवल केलं. स्वतः स्टिअरिंगवर बसले, बागायतदारांना शेजारी घेतलं आणि मला म्हणाले, "तू मागं बस. नि ऐक."

एवढ्या वर्षांत मी त्यांना चाचणीला गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारपणी हौस आली असेल.

फेरी मात्र त्यांनीच करावी अशी. चढाला मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रेटली, क्लच घसरतो का बघायला. इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी पुढे गेली नाही, असं झालं नाही. दुसऱ्या गिअरमध्येच एकदम पाय सोडला, गिअर आपोआप निघतो का बघायला. कातळावरच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर हात स्टिअरिंगला नुसते टेकवून ब्रेक दाबला. गाडी किंचित डावीकडे ओढली. गिअरच्या दांड्यावर त्यांचा तळवा, ताप बघायला कुणाच्या कपाळावर ठेवावा तसा पसरलेला. बागायतदार सतत बोलत होते: गाडी मुलीच्या लग्नात कुठे कुठे गेली, कधी अडली नाही. काका "होय, होय".

"काय ऐकू येतंय?" काकांनी चढ संपल्यावर विचारलं.

"काय नाय," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

दहा मिनिटं झाली तशी बागायतदारांनी वळायला सांगितलं. काका वळले नाहीत. अर्धा तास म्हणजे अर्धा तास, म्हणाले, आणि गाडी खाडीकडे उतरणाऱ्या लांब रस्त्याला घातली. तिथे आवाज सुरू झाले. म्हणजे आवाज एकच होता, पण मला तो चहूकडून आल्यासारखा वाटला. माझ्याच सीटखालून. काकांनी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ऊंऽऽ असा बारीक, रडका सूर, आणि पाय पुन्हा दाबला की गप्प. पाय उचलला, ऊंऽऽ. दाबला, गप्प. मागच्या आसाचं दुखणं. घाटाघाटांच्या रस्त्यावर दिवसभर पाय उचलतच उतरायचं असतं. ही गाडी वर्षभरही टिकली नसती, आणि प्रवासी भरलेले असताना उतारावर तिचं मागचं चाक अडकलं असतं तर काय, हे मला न सांगता कळलं.

मी काकांच्या मानेकडे बघत होतो. ही मान आता वळणार. वळली नाही. सूर वाढला, बागायतदारांनी आवाज चढवून लग्नाची गोष्ट पुढे नेली, आणि काका शांतपणे गाडी हाकत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते 'होय, होय'. मला मागे बसवणं. गॅरेजातल्या ठोकाठोकीने त्यांचे कान खाल्ले होते, आणि हे त्यांनी घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं. मोठा आवाज, चढ्या सुरातलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. हा बारीक सूर त्यांच्या कानांतून कायमचा गेला होता.

"काय ऐकू येतंय?" त्यांनी विचारलं.

मला मुलगी दिसली. खरं सांगतो, काकांची दया नंतर आली, आधी मुलगी दिसली.

"काय नाय," मी म्हणालो.

मी तिसऱ्या प्रश्नाची वाट बघत होतो. गाडी परत फिरली, वाडीचं फाटक दिसू लागलं, तरी तो प्रश्न आला नाही.

अंगणात उतरल्यावर काकांनी गाडी बंद करून पुन्हा सुरू केली. गरम असूनही ती लगेच चालू झाली. खाली तेल ठिबकतंय का तेवढं बघितलं आणि बागायतदारांना म्हणाले, "बॅटरी नि ब्रेकचं काम निघेल. बाकी..." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. बागायतदार आत जाऊन नारळ घेऊन आले, तुळशीसमोर उभे राहिले, डोक्यावर टोपी नीट केली. काकांनी चपला काढल्या.

"बा देवा महाराजा," बागायतदारांनी सुरुवात केली, "आज ही गाडी..."

"थांबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "काका मघाशी मला म्हणाले, मागून आवाज येतोय. उतारावर, पाय उचलला की. मीच विसरलो सांगायला."

बागायतदारांनी वळून काकांकडे बघितलं. हे शब्द मी मुद्दाम मोठ्याने उच्चारले होते. काकांनी चपला पायात सरकवल्या आणि जुन्या रुबाबात म्हणाले, "होय तर. मला तेव्हाच कळलं. मागचं काढून बघितल्याशिवाय आमी घेत नाय."

बागायतदार आमच्याशी वाईट वागले नाहीत. गाडी महिन्यापूर्वी गॅरेजात गेली होती, तिथे मागे काय केलं ते मला ठाऊक नाही, म्हणाले. नारळ माझ्या पिशवीत परत आला. फाटकाबाहेर पडताना चिपळूणची पार्टी आत येत होती.

परतीच्या एसटीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. मग काका माझ्या कानाशी वाकले. "कसला होता?"

मी त्यांच्या कानाला तोंड लावून सूर काढला. ऊंऽऽ.

"पाय उचलला की? नि सुरवातीस नव्हता?"

"नव्हता. तापल्यावर आला."

"म्हणजे मागच्या आसातलं पिनियनचं बेअरिंग गेलंय. नि आत जाड तेलात लाकडाचा भुसा घातलेला. थंड असताना आवाज दाबतो. तापला की सोडतो." ते समाधानाने मागे टेकले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू खोटं बोललास ते मला कळलं."

"कसं?"

"तुझं तोंड आरशात दिसत होतं."

"मग तिसऱ्यांदा का नाय विचारलंत?"

काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मघाशी गिअरच्या दांड्यावर होता तसाच पसरून.

"मलाबी वाटत होतं, तुझं इकडंच व्हावं."

कंडक्टर तिकिटं पंच करत आमच्यापर्यंत आला आणि गेला. उद्याच्या मुंबईच्या गाडीला जागा मिळेल का, याचा मी विचार करत होतो. मुलगी झोपलेली असतानाच निघावं, का तिला उठवून सांगावं, तेही ठरत नव्हतं. काका पुन्हा माझ्याकडे वाकले.

"परत काढ तो आवाज," ते म्हणाले. "नीट काढ."

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मी डोळे पुसले, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि एसटीच्या घरघराटाच्या वर जाईल एवढ्या मोठ्याने तो सूर पुन्हा काढला.